नक्की

पाडव्याच्या आदल्या रात्री भांडी आवरून, मुलीचा डबा पालथा घालून, जेवणाच्या टेबलाशी मोबाइल घेऊन बसले. यंदाचा पापड-लोणच्याच्या नोंदणीचा संदेश लिहायचा होता. दरवर्षी मीच लिहिते. रात्री लिहायचा, काकूंना वाचून दाखवायचा आणि पाडव्याला सकाळी पाठवायचा. गेल्या वर्षीचाच उघडून दर बदलले, तारखा पुसल्या. 'कैरीचं लोणचं', 'उडदाचे पापड', 'एक किलो', 'अर्धा किलो' हे सगळं भराभर झालं. शेवटच्या ओळीवर अंगठा अडला. गेल्या वर्षी तिथे लिहिलं होतं, 'पापड १५ मेपर्यंत नक्की घरपोच.' तारीख गेली होती, पण 'नक्की' तसाच होता. तो पुसला तर ओळ लंगडी वाटत होती आणि ठेवला तर रात्री ११:४० ला आलेला एक प्रश्न आठवत होता.

'नक्की होतं ना?'

एवढाच होता तो प्रश्न. शिवी नाही, तक्रार नाही, रागाचं चित्रही नाही. विचारणारी बाई एका दवाखान्यात परिचारिका आहे. पाळी संपवून घरी आल्यावर, बहुधा चपला काढता काढता तिने तो लिहिला असावा. तिला पापड सासूबाईंकडे गावी न्यायचे होते आणि रजा ठरलेली होती. मी 'उद्या सांगते' असं लिहून मोबाइल पालथा ठेवला. उद्या काय सांगायचं ते मला माहीत नव्हतं. तेव्हा संगमनेरला पाऊस पडत होता आणि आमचे पापड एका शाळेच्या वर्गात पंख्याखाली पसरलेले होते.

आधी थोडं आमच्या कारभाराविषयी. काकू म्हणजे माझ्या नवऱ्याच्या काकू. संगमनेरला त्यांच्या गल्लीतल्या आठ जणी मिळून उन्हाळ्याचं वाळवण आणि लोणचं करतात. मी पुण्यात बँकेत नोकरी करते. मला धड पापड लाटता येत नाही. माझी लाटी एका बाजूने पातळ आणि दुसऱ्या बाजूने भाकरी होते. त्यामुळे माझ्याकडे लिहिण्याचं काम आलं. आमच्या सोसायटीत, ऑफिसात, मुलीच्या शाळेतल्या आयांच्या गटात मी संदेश टाकते, नावं लिहून घेते, निम्मे पैसे आगाऊ घेऊन काकूंना पाठवते, आणि माल आला की आमच्या पार्किंगमध्ये खोकी उघडून वाटप करते. 'आम्ही लाटतो', 'आम्ही निवडून घेतो' असं सगळं प्रथमपुरुषी अनेकवचनात लिहिते. हात त्या आठ जणींचे, शब्द माझे.

पहिल्या वर्षी मी जे लिहिलं होतं ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. 'नोकरी करणाऱ्या मैत्रिणींनो, वेळ नाही म्हणून मुलांना घरच्या चवीला मुकवू नका!' स्वतः सकाळी ७:५० ची बस पकडणाऱ्या बाईने हे लिहावं! जाहिरातीत असंच लिहायचं असतं, असं मला वाटलं होतं. त्यावर एकीचं उत्तर आलं, 'मुकवत नाही. विकत घेते. एक किलो लिहा.' पुढच्या वर्षी ते वाक्य गेलं. त्याच्या जागी 'आईच्या हातची चव' आलं. ते वाचून दाखवलं तेव्हा काकूंनी फोनवर विचारलं, "कुणाच्या आईच्या?" मी हसले, पण त्या हसत नव्हत्या. "अगं, कोकणातली असली तर तिची आई लोणच्यात मेथी कमी घालते, नागपूरकडची असली तर तिला आपलं तिखट मिळमिळीत लागतं, आणि कुणाची आई गूळ घातल्याशिवाय लोणचं मानतच नाही. आपण आपल्या हातचं देतो. तेवढंच लिही." मला तो मुद्दा पटला, पण शब्द काढवला नाही. गेल्या वर्षापर्यंत ती आई संदेशात बसून होती.

तर गेल्या वर्षीची, म्हणजे २०२५ ची गोष्ट. पाडवा ३० मार्चला होता. सकाळी संदेश गेला, त्यात पिवळ्या सूर्याची तीन चित्रं होती. आठ दिवसांत ६४ घरांची नोंद झाली. उडदाचे पापड १४० किलो, कुरडया ५० किलो आणि लोणचं १०० किलोच्या थोडं वर. एवढं आमच्याकडे कधीच आलं नव्हतं. मी कोष्टक करून काकूंना पाठवलं आणि स्वतःवर खूश झाले.

काकूंनी क्रम नेहमीसारखा लावला. एप्रिलमध्ये कुरडया, कारण त्यांना रणरणतं ऊनच लागतं. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, वरचं पाणी निवळून टाकायचं, पहाटे चीक शिजवायचा आणि सूर्य वर यायच्या आत सोऱ्यातून घालून मोकळं व्हायचं. उडदाचे पापड शेवटी. यामागे कारण आहे आणि ते मला गेल्या वर्षीच कळलं. उडदाचा पापड मुळात कडक उन्हात वाळवायचा नसतो. त्याला सावली लागते. लाटला की ओसरीत किंवा खोलीत, चादरीवर, वारा खेळेल असा पसरायचा. जवळजवळ वाळला की मग उन्हाचा नुसता हात फिरवायचा, अर्धा-पाऊण तास. भर उन्हात टाकला तर कडा आधी आकसतात, पापडाची वाटी होते आणि डब्यात भरताना तडकतो. 'कडक उन्हात वाळवलेले अस्सल उडदाचे पापड' असं मी चार वर्षं लिहीत होते. एका सत्तरीच्या आजींनी मुलाच्या फोनवरून मला विचारलंही होतं, "उडदाचे पापड कडक उन्हात घालता? मग तडकत नाहीत?" मी म्हटलं, "नाही आजी, आमची खास पद्धत आहे." काय सांगणार!

सावलीत वाळणारे म्हणून पापड शेवटी ठेवले आणि नेमके तेच अडकले. सावली म्हणजे ओल नव्हे. सावलीतही हवा कोरडी लागते. मेचा पहिला आठवडा संपता संपता आभाळ भरून यायला लागलं. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं वळवाचा आहे, दोन सरी पडतील आणि दुसऱ्या दिवशी ऊन आणखी तापेल. वळवाचा तसाच असतो. यावेळचा गेलाच नाही. शेतातला काढून ठेवलेला कांदा भिजत होता, तिथे आमच्या पापडांचं दुःख कुणाला सांगायचं? पुढे मे संपायच्या आत, २६ तारखेला मोसमी पाऊस मुंबईत पोचलासुद्धा. तिथली त्याची नेहमीची तारीख ११ जून. म्हणजे मी 'नक्की' लिहिलं तेव्हा ज्या उन्हाच्या भरवशावर लिहिलं, त्यातले शेवटचे दिवस त्या वर्षी नव्हतेच.

ज्या दिवशी पहिला मोठा पाऊस झाला त्या दिवशी सकाळी ११ किलो पीठ भिजवून झालेलं होतं. उडदाच्या पिठाचं एक आहे, ते थांबत नाही. किलोला तीसेक ग्रॅम पापडखार आणि साठेक ग्रॅम मीठ पाण्यात उकळून, गार करून, गाळून त्यात पीठ घट्ट भिजवायचं, जाडसर मिरी आणि हिंग घालायचा, दोनेक तास झाकून ठेवायचं आणि मग तेलाचा हात लावून मुसळाने कुटत राहायचं. पिवळट गोळा पांढरा पडला आणि ओढल्यावर तार धरली की झालं. मग लांब वळ्या करायच्या, दोऱ्याने लाट्या कापायच्या आणि त्याच दिवशी लाटून संपवायच्या. दुसऱ्या दिवसावर गेलं तर पीठ आंबतं. म्हणून आभाळ काळं झालेलं दिसत असूनही आठ जणी लाटत राहिल्या. ओसरी भरली, मधली खोली भरली, देवघरापुढची जागासुद्धा भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पापड वरून वाळलेले दिसत होते. काकूंनी त्यातले दहा उचलून पत्त्यांसारखे एकमेकांवर सरकवले. वाळलेला पापड खळखळ वाजतो. हे नुसते घसटले. मग एक मधोमध वाकवला. तो मोडायला हवा होता, पण चामड्यासारखा वळला. कडा कोरड्या आणि मध्य ओला. त्यांनी एक गॅसवर भाजूनही बघितला. कडेला फुलला आणि मधोमध रुपयाएवढा चिवट डाग राहिला. मीठ आणि खार दोन्ही हवेतली ओल ओढून घेतात, त्यामुळे दमट दिवसांत पापड वाळायच्या ऐवजी उलट सैल पडत जातो. हे मला काकूंनी नंतर सांगितलं. त्या मात्र 'खाराला घाम फुटतो' असं म्हणतात.

शाळेला सुट्टी होती. ओळखीने दोन वर्ग मिळाले. बाकांवर चादरी पसरल्या, पंखे पाचावर ठेवले आणि ११ किलो पापड तिकडे हलवले. त्यात वादळी पावसाने वीज जायची. ती कधी तासाने यायची, कधी रात्री. कुणीतरी खोली बंद करून कोळशाची शेगडी ठेवून बघितली. शेगडीच्या बाजूचे पापड वाकले आणि धुराचा वास धरला तो वेगळाच. मला तेव्हा लिज्जतची हकीकत आठवली. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर सुरुवात केली, आणि पहिल्याच वर्षी पावसाने पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. वर खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. मी मोठ्या उत्साहाने हे काकूंना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "खाटेवर किती मावतात? आणि आपले किती आहेत?" आणि मग जरा थांबून म्हणाल्या, "चार महिने बंद ठेवलं म्हणालीस ना, ते मला आवडलं."

तिसऱ्या दिवशी काही पापडांवर बारीक पांढरे ठिपके दिसले. उग्र वास यायला लागला होता. ज्यांना वास नव्हता ते त्याच संध्याकाळी तळून गल्लीत वाटले. बाकीचे खड्ड्यात गेले. खारामिठाचे म्हणून गाईलाही घालता येईनात. काकूंनी मला फोटो पाठवला नाही. त्यांनी नुसतं सांगितलं, "अकरा गेले. उरलेलं पीठ भिजवणार नाही." ४५ किलोचे पापड आधीच वाळून डब्यात गेले होते. तेवढे हातात होते आणि नोंद १४० ची.

तेव्हा मी काकूंवर वैतागले होते. खोटं कशाला बोलू? बँकेतल्या टेबलाशी बसून, समोर कर्जाची फाइल उघडी ठेवून, हळू आवाजात मी त्यांना म्हटलं, "काकू, पण मी लोकांना नक्की म्हणून सांगितलंय." पलीकडून पावसाचा पत्र्यावर आवाज येत होता. त्या म्हणाल्या, "नक्की तू लिहिलंस. मला विचारलं असतंस तर मी म्हटलं असतं, ऊन असलं तर."

"असं लिहिलं तर कोण घेईल?"

त्या काही बोलल्या नाहीत. माझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडेच होतं. 'नक्की' हा शब्द मी ग्राहकांच्या सोयीसाठी घातलेला नव्हता. नोंदणी होणार नाही या माझ्या भीतीसाठी घातला होता.

माझी आई शिक्षिका होती. तिचे पापड मेच्या सुट्टीत व्हायचे. आमच्या चाळीत सहा-सात घरं होती आणि एकेका घरी पाळीपाळीने सगळ्या जमायच्या. आज हिच्याकडे लाटायला, उद्या तिच्याकडे. आम्हा मुलांची नजर लाट्यांवर. तेलात बुडवलेली कच्ची लाटी, तिखट, खारट, टाळूला चिकटणारी. एक मिळाली की दुसरी चोरायची, आणि मग रात्री पोट धरून बसायचं. ते सगळ्यांनाच आठवतं. मला आता दुसरंच आठवतंय. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास आई गॅलरीत यायची, पश्चिमेकडे बघायची, हाताने डोळ्यांवर आडोसा धरायची आणि पलीकडच्या वहिनींना ओरडून सांगायची, "उद्या आमच्याकडे हं!" ती झाली जाहिरात. आदल्या संध्याकाळी, आभाळ बघून, एका वाक्यात. आठ दिवस आधी कुणी विचारलं असतं, तुमचे पापड कधी, तर तिने 'बघू' म्हटलं असतं. आणि त्या 'बघू'चा कुणाला राग आला नसता, कारण ऐकणारीच्या डोक्यावरही तेच आभाळ होतं.

आमच्या ६४ घरांच्या डोक्यावर मात्र वेगळं आभाळ आहे. पुण्यात पाऊस पडला की आम्ही घाटातल्या वाहतुकीचं बघतो. मुलांचे शिबिराचे दिवस, रजा, गावी जायची तिकिटं, गाडीत किती खोकी मावतील, सगळं महिनाभर आधी ठरतं. त्या परिचारिकेची रजा तर दोन महिने आधी मंजूर झालेली होती. तिने 'नक्की' हा शब्द वाचून रजा आणि पापड एकाला एक जोडले. तिचं काय चुकलं?

पैसे परत द्यावे असं मला पहिल्यांदा वाटलं. सरळ मार्ग. पण आगाऊ पैसा म्हणजे काय असतो ते तेव्हा मला नीट समजलं. मी ते माणसं बांधून ठेवायची खूण समजत होते. त्या आठ जणींना तेच भांडवल. मार्चमध्ये नवी मोहरी येते, नवी मिरची येते, तेव्हाच्या दराने वर्षाची मिरची घेऊन देठं काढून वाळवून कुटायची असते. उडदाची डाळ पोत्याने, तेलाचे डबे, हिंग, बरण्या. पाडव्यानंतर आलेला पैसा एप्रिलच्या मध्यापर्यंत या सगळ्यात रूपांतरित झालेला असतो. मे महिन्यात तो परत मागणं म्हणजे मोहरी परत मागणं. काकूंच्या पेटीत त्या दिवशी ३,२०० रुपये होते.

मग मी एकेकीला फोन केले. संदेश नाही, फोन. ४५ किलो ज्यांच्या घरी म्हातारी माणसं होती किंवा जे परगावी जाणार होते त्यांना दिले. त्या परिचारिकेचे दोन किलो मी स्वतः नेऊन दिले. तिने दार उघडलं, पिशवी घेतली आणि म्हणाली, "दोन किलो नकोत, एक द्या. दुसऱ्या कुणाला तरी पुरेल." बाकीच्यांपुढे दोन पर्याय ठेवले. पैसे जुलैपर्यंत टप्प्याटप्प्याने परत, किंवा पापड ऑक्टोबरमध्ये. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरचं जे कोरडं ऊन पडतं त्यात पापड उत्तम होतात. दिवाळीच्या गडबडीत कुणी करत नाही एवढंच. हा मार्ग काकूंनीच काढला. १९ घरांनी पैसे मागितले. उरलेली थांबली. दोघींनी फोनवर मला चांगलंच सुनावलं. एकीने गटातून माझं नाव काढलं. ठीक आहे.

लोणच्याचं प्रकरण वेगळं. तिथे काकूंनी मला विचारलंच नाही. लोणच्याची कैरी मेच्या अखेरीला घ्यायची. कोय कडक धरलेली हवी, गर पांढरा आणि करकरीत. आडकित्त्याने फोडली की फोडीला कोयीचं कवच चिकटून राहिलं पाहिजे, तीच फोड वर्षभर उभी राहते. गेल्या वर्षी वादळाने कैऱ्या झाडाखाली पडल्या आणि बाजारात स्वस्त झाल्या. मला वाटलं बरंच झालं. काकू बाजारात जाऊन, पाच-सहा कैऱ्या फोडून बघून, रिकाम्या हाताने परत आल्या. पडलेल्या कैरीला मार लागलेला असतो. वरून दिसत नाही, आत गर तपकिरी झालेला असतो आणि त्या जागेची फोड दोन महिन्यांत लगदा होते. काही कैऱ्यांना तर आतून पिवळी झाक, म्हणजे पाड लागायला सुरुवात. त्या लोणच्याला नकोतच. चार दिवस थांबून, झाडावरून उतरवलेल्या कैऱ्या ठरवून घेतल्या. निम्म्याच मिळाल्या. मग निम्मंच लोणचं. काकूंनी मला सांगितलं, "पन्नास किलोचं घेतलं, बाकीच्यांना नाही म्हण."

त्या दमट हवेत फोडी सुकवणं हाही एक सोहळा झाला. कैऱ्या धुऊन पुसायच्या, फोडून पुन्हा एकेक फोड कोरड्या फडक्याने पुसायची, हळद-मीठ लावायचं. पाण्याचा एक थेंब राहिला तरी बरणीच्या तोंडाशी बुरशी. किलोभर फोडीला आम्ही दीडशे ग्रॅम मीठ, शंभर ग्रॅम मोहरीची डाळ घालतो. तेल कडकडीत तापवून पूर्ण गार करून वरून ओततो. फोडी बुडून वर बोटभर तेल उभं राहायला हवं. ते तेल चवीसाठी नसतं, ते झाकण असतं. दरवर्षी माझ्याकडे पंधरा-वीस जण विचारतात, कमी तेलाचं मिळेल का? मी 'हो' म्हणत आले. करून देतोही आम्ही, पण ते फ्रीजमध्ये ठेवायचं आणि तीन महिन्यांत संपवायचं लोणचं, ही ओळ मी कधी संदेशात लिहिली नाही. 'कुठलंही प्रिझर्वेटिव्ह नाही' हे मात्र ठळक अक्षरात. मीठ आणि तेल मग काय करतात बरणीत, असं कुणी विचारलं नाही हे माझं नशीब.

आणि शहरातल्या घरांचं आणखी एक. आपण लोणचं आठवणीने मागवतो, जेवणाने नाही. तीन माणसांचं घर, दोघं दुपारी ऑफिसात जेवतात, मूल लोणच्याला तोंड लावत नाही, आणि नोंद असते पाच किलोची, कारण आजीकडे चिनी मातीच्या मोठ्या बरण्या असायच्या. मग ते पाच किलो अर्धवट रिकाम्या बरणीत पडून राहतं, तेल खाली जातं, फोडी उघड्या पडतात, कुणीतरी वरणाचा ओला चमचा घालतं आणि ऑगस्टमध्ये मला फोटो येतो, 'ताई, हे वर पांढरं काय आहे?' काकू गेल्या वर्षापासून नोंद घेताना विचारायला लावतात, घरात जेवायला किती जण आणि किती वेळा? बरेच जण या प्रश्नावर बिचकतात. एकाने विचारलं, हे जनगणनेचं आहे का?

ऑक्टोबरात पापड झाले. आठ दिवसांत, खणखणीत. दहा पापड हातात घेऊन सरकवले की पत्त्यांसारखे वाजत होते. काकूंनी तो आवाज फोनवर ऐकवला. मी दुपारी बँकेच्या जिन्यात उभी राहून तो ऐकला. मागून शिपाई येऊन म्हणाला, मॅडम, पाऊस आहे का कुठे?

तर ही शेवटची ओळ. पाडव्याच्या आदल्या रात्री, मोबाइलच्या उजेडात. पिवळे सूर्य काढले. 'आईच्या हातची' काढलं. 'कडक उन्हात'च्या जागी 'सावलीत वाळवलेले' लिहिलं. ते वाचायला जरा फिकं वाटतं हे कबूल करते. कमी तेलाच्या लोणच्याची ओळ घातली. सगळ्यात वर वर्ष लिहिलं, २०२६, कारण जुने संदेश कुठे कुठे फिरत राहतात आणि गेल्या वर्षीच्या दराने वाकडहून अजून विचारणा येते. मग खाली लिहिलं, 'पापड एप्रिलमध्येच लाटायला घेत आहोत. ऊन आणि कोरडी हवा मिळाली तर १० मेच्या आसपास मिळतील. पाऊस आला तर थांबू आणि कळवू. न वाळलेला पापड पाठवणार नाही. आगाऊ पैशातून डाळ, मिरची आणि तेल घेतलं जातं, त्यामुळे मेमध्ये रद्द केल्यास पैसे परत मिळायला दोन महिने लागतील.'

काकूंना फोन करून वाचून दाखवला. दहा वाजून गेले होते. त्या झोपेत असाव्यात. सगळं ऐकून म्हणाल्या, "आसपास चांगलंय. दर नीट लिहिलेस ना?"

सकाळी गुढी उभारून झाली, कडुलिंबाचं पान तोंडात असतानाच संदेश पाठवला. संध्याकाळपर्यंत ११ घरांची नोंद आली. गेल्या वर्षी पहिल्या दिवशी २६ आल्या होत्या. रात्री ११:४० नाही, पण अकराच्या सुमारास त्या परिचारिकेचं आलं, 'पापड अर्धा किलो लिहा. ऑक्टोबरचे अजून आहेत. लोणचं एक किलो, साधं, भरपूर तेलाचं. जेवायला चार जण, एक वेळ.'